दारातला बीएलओ खरा कसा ओळखायचा?

गळ्यात ओळखपत्र, हातात याद्यांची चळत. ‘मतदारयादीचं काम आहे, आधार दाखवा.’ बहुतेकजण ओळखपत्राकडे बघून आत घेतात. पण असं कार्ड कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही छापून मिळतं, आणि त्यावरच्या नंबरला फोन केला तर त्याचाच साथीदार ‘हो’ म्हणणार. खातरजमा करायची ती आपण स्वतः शोधलेल्या नंबरवरून.

मतदारयादीच्या प्रत्येक भागासाठी एक बीएलओ नेमलेला असतो. बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका नाहीतर तलाठी. voters.eci.gov.in वर मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकला की आपला भाग क्रमांक, बीएलओचं नाव आणि फोन दिसतो. दारातल्या माणसाला थांबवून त्या नंबरवर फोन लावा. त्याच्याच खिशात फोन वाजला तर प्रश्न मिटला. बदली ताजी असेल तर साइटवर जुनं नाव राहू शकतं. मग 1950 वर किंवा तहसील कार्यालयात विचारायचं. खरा कर्मचारी त्यासाठी पुन्हा यायला कुरकुर करेल, पण येईल.

ओटीपी, बँक खातं किंवा बोटाचा ठसा मागितला, की बोलणं तिथेच थांबवावं. दारात आलेल्या बीएलओला यातलं काहीच लागत नाही. आधारची प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे 4 अंकच दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत काढावी आणि तिच्यावर आडवं लिहावं: ‘फक्त मतदारयादीसाठी’, खाली तारीख. ओटीपी सांगून बसला असाल आणि पैसे गेले, तर लगेच 1930.