झोपताना गोष्ट ऐका, मोबाइल उलटा ठेवून

यूट्यूबवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पण स्क्रीन बंद केली की फुकटच्या यूट्यूबचा आवाजही थांबतो. म्हणजे मूल चित्रच बघत बसणार! स्टोरीटेल, स्पॉटिफायसारख्या ऑडिओ अ‍ॅपवर स्क्रीन काळी असतानाही गोष्ट चालू राहते. २०१७ साली भारतात आलेल्या स्टोरीटेलवर मराठी बालसाहित्य आहे. किड्स मोड लावून पिन टाकला की फक्त मुलांचीच पुस्तकं दिसतात. वर्गणी मात्र भरावी लागते.

पिंपरी पेंढारसारख्या गावात रात्री रेंजचा भरवसा नाही, म्हणून गोष्ट दुपारीच डाउनलोड करा. आधी स्वतः ऐका. आपल्या जुन्नर पट्ट्यात उसात खरा बिबट्या असतो. झोपताना वाघ-बिबट्याची गोष्ट माझ्या मते नकोच. मग फोन छोट्या ब्लूटूथ स्पीकरला जोडा, फ्लाइट मोड लावून ब्लूटूथ पुन्हा सुरू करा आणि फोन उलटा ठेवा.

स्लीप टायमर विसरू नका, नाहीतर एक गोष्ट संपली की दुसरी सुरू होते आणि पेंगुळलेलं पोर पुन्हा टक्क जागं. पंधरा मिनिटं पुरतात. ‘अजून एक’ म्हटलं, तर कालचीच लावा. ओळखीच्या गोष्टीने लवकर झोप येते.

तुमच्या पोरांना कोणती गोष्ट आवडते, खाली लिहा.