बाराला सुटतं, दहापाशी धरतं

टेबलावर एक छोटं सर्किट आहे. त्यात सीडी-४०४६ नावाची सोळा पायांची चिप, काही रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा पुरवठा आहे. चिपमध्ये स्वतःचा ऑसिलेटर आहे. तो सेकंदाला सुमारे दहा हजार वेळा, म्हणजे १० किलोहर्ट्झने, चौकोनी लाटा काढतो. बाहेरून फंक्शन जनरेटरमधून मी तशीच दुसरी लाट आत सोडतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन्ही लाटा एकाखाली एक स्थिर उभ्या आहेत. जनरेटरचं बटण सावकाश फिरवून १०.५ केलं, तर आतला ऑसिलेटरही १०.५ होतो. ११ केलं, तर तोही ११. अगदी ११.९ पर्यंत तो मुकाट मागे येतो. १२ ओलांडले की मात्र खालची लाट सरकू लागते. साथ सुटली.

आता बटण उलटं फिरवतो. ११.९ वर तो मघाशी आरामात चालत होता, पण आता तिथे धरत नाही. ११ ला नाही, १०.५ लाही नाही. १०.२ च्याही थोडं खाली आल्यावर खालची लाट एकदम थरथरते आणि जागेवर उभी राहते.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सोल्डरिंग कच्चं असेल असं वाटून सगळे सांधे पुन्हा तापवले होते. सांध्यांत दोष नव्हता. फेज-लॉक्ड लूप असाच वागतो, आणि तो असा का वागतो हे कळलं की तो निम्मा कळला. एफएम रेडिओचं स्टेशन जागेवर ठेवणं, छतावरच्या सोलर इन्व्हर्टरला विजेच्या लाइनशी जुळवणं, ही कामं हाच लूप करतो. फ्रान्समध्ये आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये रेडिओ ग्रहणासाठी ही कल्पना मांडली.

लूपमध्ये तीन कामकरी आहेत. फेज डिटेक्टर दोन लाटांची तुलना करतो. लूप फिल्टर त्याचं उत्तर गुळगुळीत करतो. ते उत्तर व्होल्टेजच्या रूपात ऑसिलेटरला मिळतं आणि ऑसिलेटर त्या व्होल्टेजप्रमाणे वेग बदलतो. बदललेली लाट पुन्हा डिटेक्टरकडे जाते. फेजला पाठ्यपुस्तकांत कला म्हणतात, पण कामाच्या टेबलावर सगळे फेजच म्हणतात. एक लाट दुसरीच्या किती मागे किंवा पुढे आहे, ते अंतर म्हणजे फेज. पूर्ण एक फेरी म्हणजे ३६० अंश.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की डिटेक्टर वेग मोजत नाही, अंतर मोजतो. वेगात थोडाही फरक राहिला तर अंतर साठत जातं. घरावरच्या टाकीत असंच होतं. येणारं पाणी आणि जाणारं पाणी यांत जो फरक पडतो तो पातळीच्या रूपाने साठतो. बॉलकॉक पाण्याचा वेग मोजत नाही, फक्त पातळी पाहतो आणि तेवढ्यावर तोटी कमी-जास्त उघडतो. खाली नळ जास्त सोडला तर पातळी जरा उतरते, तोटी जास्त उघडते, आणि येणारं-जाणारं पाणी पुन्हा तंतोतंत सारखं होतं. पातळी मात्र आधीपेक्षा थोडी खालीच राहते. लूपमध्ये वेग म्हणजे पाण्याचा ओघ आणि फेज म्हणजे पातळी. म्हणून लॉक झालेल्या लूपमध्ये वेगाची चूक शून्य असते, थोडीशीही नाही. फेजचं अंतर मात्र उरतं, आणि तेच ऑसिलेटरला नव्या वेगावर धरून ठेवतं.

माझ्या सर्किटचे आकडे सोपे आहेत. फेज डिटेक्टर म्हणून चिपमधलं एक्स-ऑर गेट वापरलं आहे. दोन लाटा सारख्या असतील तेव्हा ते ० व्होल्ट देतं, वेगळ्या असतील तेव्हा ५. म्हणजे अंतर ० अंश असेल तर सरासरी ०, ९० अंशांना २.५ आणि १८० अंशांना ५ व्होल्ट. ऑसिलेटर असा जुळवला आहे की ० व्होल्टला तो ८ किलोहर्ट्झवर चालेल आणि ५ व्होल्टला १२ वर. प्रत्यक्ष चिपमध्ये ही रेषा टोकांना वाकते, पण हिशेबाला सरळ धरू. एका व्होल्टमागे ८०० हर्ट्झ झाले. बाहेरून १० आले तर २.५ व्होल्ट लागतील, म्हणून दोन्ही लाटांत ९० अंशांचं अंतर राहील. ११ आले तर ३.७५ व्होल्ट आणि १३५ अंश. १२ ला अंतर १८० अंशांवर पोचतं आणि डिटेक्टरकडे द्यायला आणखी काही उरत नाही. त्यापुढे अंतर वाढलं तर एक्स-ऑरचं उत्तर वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागतं. ऑसिलेटरला आणखी पळायला हवं असताना त्याला हळू व्हायचा हुकूम मिळतो, आणि साथ सुटते. ८ ते १२ हा झाला लॉक रेंज, म्हणजे एकदा धरल्यावर जिथपर्यंत धरून राहील तो पट्टा. तो डिटेक्टर आणि ऑसिलेटर यांनी ठरवला. त्यात फिल्टरचा हात नाही.

फिल्टर मग कशाला? एक्स-ऑरचं उत्तर सपाट व्होल्टेज नसतं. ते सेकंदाला वीस हजार वेळा ० आणि ५ मध्ये उड्या मारतं, कारण प्रत्येक फेरीत तुलना दोनदा होते. ते तसंच ऑसिलेटरला दिलं तर तो प्रत्येक फेरीत धडपडेल. म्हणून मी १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. त्यांचा गुणाकार १० मिलिसेकंद. त्यामुळे वीस किलोहर्ट्झची उडी जवळजवळ पुसली जाते आणि व्होल्टेज शांत दिसतं.

इथेच गोम आहे. जनरेटर १०.० वरून एकदम १०.१ वर नेला, तर कंट्रोल व्होल्टेजने २.५ वरून २.६२५ वर जाऊन थांबायला हवं. ते जातं, पण त्याच्या पुढे जवळजवळ तेवढंच ओलांडून, मग मागे, मग पुन्हा पुढे. एक झोका साधारण ७ मिलिसेकंदांचा, आणि असे दहा-अकरा झोके पडद्यावर मोजता येतात. कारण फेरीत आता दोन साठवणी आहेत. ऑसिलेटर वेगाचा फरक फेजमध्ये साठवतो आणि कपॅसिटर उत्तर साठवत साठवत उशिरा देतो. अंतर हवं तिथे पोचलेलं असतं, पण कपॅसिटरवर अजून जुनं, ओलांडून गेलेलं व्होल्टेज असतं. ते उतरेपर्यंत अंतर उलट बाजूला गेलेलं असतं. बॉलकॉकची तोटी घट्ट होऊन उशिरा हलू लागली तर टाकीतलं पाणीही असंच खाली-वर करेल.

गंमत म्हणजे फिल्टर नसताना हा लूप मुळीच झोके खात नाही. फेजच्या पूर्ण एका फेरीला डिटेक्टरचा उतार १० व्होल्ट पडतो. त्याला ८०० ने गुणलं की ८००० येतात, म्हणजे चूक सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात बरीचशी ओसरते. ऑसिलेटरच्या जेमतेम सव्वा फेरीत! घाईचा, पण सरळ वागणारा लूप. शांतपणासाठी फिल्टर घातला आणि त्याने झोके आणले.

उपाय एका रेझिस्टरचा आहे. कपॅसिटर जमिनीला थेट न जोडता मध्ये १५ किलोओहम घालायचे. आता डिटेक्टरच्या उत्तराचा साधारण आठवा भाग न थांबता ऑसिलेटरपर्यंत पोचतो आणि उरलेला सावकाश येतो. तो न थांबणारा भाग ब्रेकसारखा काम करतो. तोच प्रयोग पुन्हा केला तर व्होल्टेज एकदाच थोडं ओलांडतं आणि ७-८ मिलिसेकंदांत स्थिरावतं. किंमत मोजावी लागते. वीस किलोहर्ट्झच्या उडीचाही आठवा भाग, सुमारे ०.६५ व्होल्ट, आता ऑसिलेटरपर्यंत पोचतो. त्याने लाटेच्या कडा फेरीच्या दीडशेव्या भागाएवढ्या मागेपुढे हलतात. एखाद्या मोटरचा वेग धरायला ते चालेल, रेडिओच्या ऑसिलेटरला कदाचित नाही. लूप फिल्टर निवडताना खरा निर्णय हाच असतो, आणि तो सर्किटाच्या कामावरून घ्यावा लागतो.

आता सुरुवातीचं कोडं. साथ सुटल्यावर दोन लाटांमधलं अंतर सतत फिरत राहतं. त्यामुळे एक्स-ऑरची सरासरी २.५ वर येते आणि ऑसिलेटर आपल्या घरी, १० वर, परततो. बाहेरून १०.५ येत असतील तर डिटेक्टरचं उत्तर सेकंदाला ५०० वेळा वर-खाली होतं. या झुलत्या फरकाला बीट म्हणतात. फिल्टर नसता तर या झुल्याने ऑसिलेटरला दोन्ही बाजूंना २००० हर्ट्झपर्यंत ओढलं असतं. पण साधा फिल्टर ५०० हर्ट्झचा झुला सुमारे एकतिसाव्या भागावर आणतो, आणि उरते जेमतेम ६४ हर्ट्झची ओढ. ५०० ची दरी ६४ ने भरत नाही. दरी १८० च्या आसपास आली की झुला मंदावतो, फिल्टर त्याला अकराव्या भागापर्यंतच कापतो, आणि ओढही १८० होते. तेव्हा दोन्ही लाटा एकमेकींना गाठतात. म्हणून १०.१८ च्या जवळ लॉक होतं. या पट्ट्याला कॅप्चर रेंज म्हणतात आणि तो फिल्टरच ठरवतो. १५ किलोओहमनंतर तो दोन्ही बाजूंना सुमारे २८० हर्ट्झपर्यंत रुंदावतो. हे ढोबळ हिशेब आहेत. लॉकच्या जवळ येताना झुल्याचा आकार एका बाजूला वाकतो आणि त्यामुळे पकड थोडी आधीही लागते. कंट्रोल व्होल्टेज स्कोपवर लावलं तर तो वाकडेपणा स्पष्ट दिसतो.

४०४६ मध्ये दुसराही एक डिटेक्टर आहे. कुठली कड आधी आली हे तो पाहतो, म्हणून वेगाचा फरकही ओळखतो, आणि त्याच्याबरोबर लॉक रेंज आणि कॅप्चर रेंज एकच होतात. मग सगळे तोच का वापरत नाहीत? कारण येणाऱ्या लाटेत खरखर असेल तर प्रत्येक खोट्या कडेला तो खरी समजतो. एक्स-ऑर सरासरीवर चालतो, त्यामुळे गोंगाटात टिकतो.

पण एक्स-ऑर फसतोही. जनरेटर ३.३३ किलोहर्ट्झवर ठेवून पाहा. चौकोनी लाटेत तिप्पट वेगाचा अंश असतोच, आणि लूप त्यालाच धरून बसतो. स्कोपवर दोन्ही लाटा स्थिर दिसतात, कंट्रोल व्होल्टेज २.५ च्या आसपास, सगळं नीट वाटतं. खालच्या तीन लाटा वरच्या एकीत बसल्या आहेत हे नजरेतून सुटू शकतं. म्हणून लॉक झालाय म्हणायच्या आधी मी फ्रिक्वेन्सी काउंटर दोन्ही ठिकाणी लावतो, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहितो.