कप धरलेल्या हातावर हातमोजे चढवताना बोटं कशी सांभाळायची?

समजा, तुम्ही सिरॅमिकचे मग विकता. हाताने मग धरलेला एक छान फोटो तुमच्याकडे आहे. डिसेंबरच्या पोस्टसाठी त्याच हातावर लोकरीचे हातमोजे हवे आहेत, पण पुन्हा शूट करायचं बजेट नाही. मग आपण काय करतो? हातमोज्याचा एक फोटो कापतो आणि हातावर चिकटवतो. तिथेच घोटाळा होतो. बोटं फुगतात, कुठे एखादं बोट जास्तीचं दिसतं आणि मग हवेत तरंगतो.

कारण साधं आहे. टेबलावर ठेवलेल्या हातमोज्याची बोटं सरळ आणि पसरलेली असतात, तर मग धरणारी बोटं वाकलेली असतात. म्हणून हातमोजा अख्खा चिकटवायचा नाही, एकेक बोट वेगळं बसवायचं. हे काम ब्राउझरमध्ये मोफत चालणाऱ्या फोटोपीवर करता येतं.

आधी हातमोज्याचा योग्य फोटो घ्या

हातमोजा स्वतःच्या हातात घाला, तेवढ्याच जाडीचा पेला धरा आणि मोबाइलने फोटो काढा. मूळ फोटोत उजेड डावीकडून असेल, तर इथेही डावीकडूनच हवा. कॅमेऱ्याची उंचीही तीच ठेवा. अर्धं काम इथेच होतं.

आता मगवाला फोटो घेऊ

आपल्या फोटोत उजवा हात मगाभोवती आहे, चार बोटं समोर दिसतात आणि अंगठा मागे लपलाय. मूळ फोटोवर एक नवीन लेयर घ्या. प्रत्येक बोटाच्या मधोमध एक रेघ काढा आणि सांध्यांवर ठिपके द्या. हा तुमचा नकाशा. जे पेर मगामागे गेलंय त्याची रेघ काढू नका, कारण तिथे हातमोजाही दिसणार नाही.

मग हातमोज्याचं एकेक बोट कापून वेगळ्या लेयरवर ठेवा आणि `Edit > Puppet Warp` उघडा. पिना फक्त सांध्यांवर लावा आणि त्या नकाशातल्या ठिपक्यांवर ओढा. बोट सांध्यातच वाकतं, दोन सांध्यांमधलं पेर सरळ राहतं. पिना कुठेही टोचल्या, तर बोट रबरी नळीसारखं दिसतं. विणीकडेही बघा. लांबीला जाणाऱ्या रेघा बोटासोबत वळल्या पाहिजेत.

जाडी कुठे वाढवायची?

लोकर जाड असते, त्यामुळे बोट रुंद होणारच. मूळ बोट ६० पिक्सेल असेल, तर ७०-७५ पर्यंत न्या. दोन बोटांमधली फट कमी होऊ द्या, पण मगाला टेकलेली कड जिथे होती तिथेच ठेवा. तिथे लोकर दाबली जाते, म्हणून ती बाजू चपटी दिसते. ही कड सरकली की पकड सैल वाटते.

हातमोजा चढवल्यावर मगावर पडलेली बोटांची जुनी सावली झाकली जाते. बोटांच्या खाली एक लेयर घ्या, त्याचा मोड `Multiply` करा आणि मऊ ब्रशने बोटाच्या कडेलगत बारीक सावली द्या. मगाचा कान बोटांच्या पुढे येत असेल, तर तेवढाच भाग मूळ फोटोतून कॉपी करून सगळ्यात वर ठेवा.

फोन असेल तर?

समोरून बघितल्यावर फोन धरलेल्या हाताची बहुतेक टोकंच दिसतात. बोटांचं शेवटचं पेर एका कडेवर आणि अंगठा दुसऱ्या कडेवर. तिथे पूर्ण बोटं बसवू नका. अंगठ्याला दोनच पेरं दिसतात, तीन नाहीत. आणखी एक गोष्ट: साध्या लोकरीच्या हातमोज्यातून टचस्क्रीन सहसा चालत नाही, त्यासाठी टोकाला वीजवाहक धागा लागतो. म्हणून साधा हातमोजा असेल, तर अंगठा काचेवर टेकवू नका, कडेवर ठेवा.

तपासणी अशी करा

हातमोज्याच्या लेयरची `Opacity` ५०% करा. खालचे सांधे आणि वरचे वाक जुळतात का ते बघा. मग फोटो आडवा उलटवा, म्हणजे डोळ्याला सवयीने न दिसलेली चूक लगेच दिसते. बोटं मोजा. कडेला कुठे त्वचा डोकावतेय का, मनगटावर हातमोज्याची कड बाहीत नीट शिरतेय का, हेही बघून घ्या.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. मग विकत असाल, तर हातमोजा ही सजावट आहे, तिथे हे चालतं. पण तुम्ही हातमोजेच विकत असाल, तर असा फोटो वापरू नका. गिऱ्हाईक त्यावरूनच माप, जाडी आणि बोटांची लांबी ठरवतं. प्रत्यक्षात हातमोजा वेगळा बसला की पार्सल परत येतं आणि जाण्या-येण्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. तिथे खऱ्या हातात खरा हातमोजा घालूनच फोटो काढा.