उजवीकडे म्हणजे दाराकडे नव्हे

बालवाडीत उड्यांचा एक साधा खेळ असतो. फरशीवर खडूने प्रत्येकासाठी एक गोल काढायचा, मुलांनी गोलात उभे राहायचे आणि बाई म्हणतील तिकडे उडी मारायची: पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे. आठवड्याभरात सगळा वर्ग एका तालात उड्या मारू लागतो आणि बाईंना वाटते, मुलांना दिशा कळल्या. त्या खरोखर कळल्या का, हे पाहायचे असेल तर खेळात एकच बदल करावा. मुलांना पाठ फिरवून उलट्या तोंडाने उभे करावे आणि तीच आज्ञा द्यावी.

समजा, मुलांची तोंडे खिडकीकडे आहेत आणि वर्गाचे दार त्यांच्या उजव्या बाजूला आहे. ‘उजवीकडे’ म्हटले की चार वर्षांची एक मुलगी दर वेळी बरोबर दाराकडे उडी मारते. आता सगळ्यांची तोंडे मागच्या भिंतीकडे वळवली. पुन्हा ‘उजवीकडे’ म्हटले, तर ती तितक्याच विश्वासाने दाराकडेच जाते. दार मात्र आता तिच्या डावीकडे आहे. ती गोंधळलेली नाही. तिने शब्दाची गाठ खोलीतल्या एका जागेशी बांधली आहे, आणि तोवर ती जुळतही होती. ‘उजवीकडे’ ही बाजू आपल्या अंगाबरोबर फिरते, हे तिला अजून उमगायचे आहे. हा खेळ शिकवतो तो तेवढ्यासाठीच.

पुढे आणि मागे हे शब्द मुलांना लवकर येतात, कारण शरीरच मदत करते. पुढे डोळे आहेत, नाक आहे, चालायची दिशा आहे. मागे पाठ आहे. तरी ‘मागे’ म्हटल्यावर तीन वर्षांचे मूल बहुधा गर्रकन वळते आणि सरळ चालू लागते. म्हणजे ते मागच्या जागेवर पोचले, पण गेले पुढेच. न दिसणाऱ्या जागी पाय टाकायची भीती वाटते म्हणून असे होते. अशा वेळी उडी नको. एक पाऊल मागे सरकायला सांगावे, हवे तर हात धरावा. या दोन शब्दांना दोन-तीन आठवडे द्यावेत.

डाव्या-उजव्याचे काम कठीण, कारण शरीराच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. इथे सर्वांत मोठी चूक होते ती दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवण्याची. मग दोन बाजू आहेत एवढे मुलाला कळते, पण कोणत्या बाजूचे नाव काय, याची अदलाबदल होत राहते. आधी फक्त उजवा घ्यावा. उजव्या मनगटाला रिबीन बांधावी, एकाच हाताला. ‘उजवीकडे’ म्हटले की आधी रिबिनीचा हात वर, मग त्या बाजूला उडी. वळून उभे राहिले तरी रिबीन बरोबर येते, दार येत नाही. ‘जेवायचा हात तो उजवा’ ही घरोघरची खूण सोपी खरी, पण डावखुऱ्या मुलाला ती फसवते. रिबीन कुणालाच फसवत नाही. उजवा पक्का झाला की ‘दुसरा हात’ म्हणून डावा येतो. रिबीन मग एक दिवसाआड बांधावी आणि हळूहळू सोडून द्यावी.

बाईंनी कुठे उभे राहायचे, हा प्रश्न लहान वाटतो, पण खेळ बिघडतो तो इथेच. मुलांकडे तोंड करून बाईंनी आपला उजवा हात वर केला की समोरची मुले आरशासारखा डावा वर करतात. म्हणून सुरुवातीला बाईंनी मुलांकडे पाठ करून, त्यांच्याच दिशेला तोंड करून कृती दाखवावी. मुलांवर लक्ष मदतनीस ताईंनी ठेवावे. पुढे कृती दाखवणेच थांबवावे आणि नुसता शब्द उच्चारावा. काही मुले शब्द ऐकत नाहीत, शेजाऱ्याकडे बघतात. त्यांची उडी नेहमी क्षणभर उशिरा पडते. त्यांना पहिल्या रांगेत आणावे किंवा तिघा-चौघांनाच एका वेळी खेळवावे. चुकलेल्याला बाद मात्र करू नये. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच मग भिंतीला टेकून बसतो.

या वयात किती अपेक्षा ठेवावी? स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1920 च्या दशकात मुलांना डाव्या-उजव्याचे प्रश्न विचारले होते. स्वतःचा डावा-उजवा मुले साधारण पाचव्या वर्षापासून ओळखू लागतात, समोर उभ्या असलेल्या माणसाचा मात्र आठव्या वर्षाच्या सुमारास, असे त्यांना आढळले. म्हणून ‘माझा उजवा हात कोणता?’ असे बाईंनी समोर उभे राहून बालवाडीतल्या मुलाला विचारू नये. त्याला त्याचाच हात विचारावा, आणि मग पाठ फिरवून उभे करून पुन्हा एकदा विचारावा.