बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे

तुळजापुरात देवीची ओटी भरायला साडी-खण लागतो, आणि त्या मागणीवर तिथल्या कितीतरी दुकानांचे वर्षाचे गणित चालते. असा एखादा साडीवाला अॅमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोवर माल विकू लागला की त्याच्या हिशेबाचे मूळ रूपच बदलते. गल्ल्यावर साडी विकताना माल, बिल आणि पैसा एकाच क्षणी हातचे सुटतात आणि हाती येतात. ऑनलाइन विक्रीत माल आज निघतो, बिल प्लॅटफॉर्मच्या संगणकावर फाटते, पैसा आठ-पंधरा दिवसांनी येतो, आणि तोही शेकडो ऑर्डरींचा एकत्र, कमिशन आणि भाडे कापून, परत आलेल्या मालाची रक्कम वळती करून. मार्चअखेर मात्र सीएच्या टेबलावर बहुतेक वेळा बँकेचे पासबुक येते, आणि त्यात प्लॅटफॉर्मच्या नावाने जमा झालेले आकडे जसेच्या तसे विक्री म्हणून खतावले जातात. माझे म्हणणे असे की ऑनलाइन विक्रेत्याच्या हिशेबाची तपासणी बँकेपासून सुरू करणे हीच पहिली चूक आहे. तपासणी ऑर्डरपासून सुरू करून बँकेपर्यंत यायला हवी, आणि तिथून परत मालापर्यंत जायला हवी.

हे आकड्यांत पाहू. आकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत, पण करांचे दर खरे आहेत. समजा, मार्च 2025 मध्ये या दुकानदाराने एका प्लॅटफॉर्मवरून 400 साड्या पाठवल्या. प्रत्येकीची किंमत 1,050 रुपये, म्हणजे 1,000 रुपये मूल्य आणि 5 टक्के जीएसटी. त्यांतल्या 80 परत आल्या. टिकलेली विक्री 320 साड्यांची : करपात्र मूल्य 3,20,000 रुपये, त्यावर जीएसटी 16,000, एकूण 3,36,000. प्लॅटफॉर्मने कमिशन, पाठवणीचे भाडे आणि परतीचे भाडे मिळून 60,000 रुपये आकारले आणि त्यावर 18 टक्क्यांनी 10,800 रुपये जीएसटी लावला. जीएसटी कायद्याच्या 52व्या कलमाखाली 1,600 रुपये टीसीएस कापला, आयकराच्या 194-ओ कलमाखाली 400 रुपये टीडीएस कापला. उरले 2,63,200. त्यांपैकी 38,200 रुपये महिनाअखेरच्या ऑर्डरींचे, मुदत न भरल्यामुळे राखून ठेवलेले. बँकेत मार्चमध्ये आले 2,25,000. हाच आकडा विक्री म्हणून लिहिला, तर एका महिन्यात विक्री 95,000 रुपयांनी कमी दिसते.

यावर दुकानदार म्हणतो, आणि काही हिशेबनीसही म्हणतात, की विक्री कमी दाखवली तसा खर्चही दाखवला नाही, शेवटी नफा तोच. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण आकडे त्याला साथ देत नाहीत. साड्यांची खरेदी बाजूला ठेवली, तर खरी शिल्लक 3,20,000 वजा 60,000, म्हणजे 2,60,000 रुपये. पुस्तकात 2,25,000 लिहिले. फरक 35,000 रुपयांचा आहे, आणि तो कशाकशाचा बनला आहे ते पाहिले की धोका कळतो. त्यात 38,200 रुपये येणे आहे, जे पुस्तकात कुठेच नाही. कमिशनवरचा 10,800 रुपये जीएसटी आहे, ज्याचे क्रेडिट मिळण्याजोगे होते. प्लॅटफॉर्मचे बिल जीएसटीआर-2बी मध्ये दिसते, पण खर्चच नोंदला नसेल तर ते शोधायला कोणी जात नाही. टीसीएसचे 1,600 पोर्टलवर स्वीकारल्याशिवाय रोख खतावणीत जमा होत नाहीत. टीडीएसचे 400 रुपये विवरणपत्रात मागायचे असतात. आणि या सगळ्याच्या उलट बाजूला सरकारचे 16,000 रुपये आहेत, जे दुकानदाराने स्वतःची विक्री समजून घेतले. पाच वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून एक आकडा झाला, आणि त्यातली एकही तपासायला शिल्लक राहिली नाही. जो 44-एडीखाली अंदाजित नफ्यावर कर भरतो, त्याचे तर आणखी चुकते, कारण तिथे डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीवर किमान 6 टक्के धरायचे असतात, आणि उलाढाल म्हणजे कमिशन कापण्याआधीची विक्री.

मग विक्रीचा खरा आकडा कोणाच्या शब्दावर मानायचा? प्लॅटफॉर्मचा विक्री अहवाल हा पहिला कागद, पण तो बहुधा विक्रेता स्वतः उतरवून एक्सेल फाइल म्हणून पाठवतो. एक्सेलमधली ओळ पुसायला क्षणही लागत नाही. म्हणून लेखापरीक्षकाने तो आपल्या डोळ्यांसमोर विक्रेत्याच्या खात्यातून उतरवून घ्यावा. त्याहून पक्का पुरावा मात्र वर आलेल्या दोन छोट्या वजावटींत दडलेला आहे, आणि तो विक्रेत्याच्या हातातला नसतो. टीसीएसचा दर 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का आहे आणि तो परत आलेला माल वजा करून उरलेल्या करपात्र मूल्यावर लागतो. म्हणजे 1,600 रुपये टीसीएस दिसला, की मागच्या पावली निव्वळ विक्री 3,20,000 निघते. टीडीएसचा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का झाला, आणि तो ढोबळ विक्रीवर आहे. 400 रुपयांवरून 4,00,000 निघतात. एक आकडा प्लॅटफॉर्मने जीएसटी खात्याला जीएसटीआर-8 मधून कळवलेला, दुसरा आयकर खात्याला कळवून 26एएस मध्ये उतरलेला. दोहोंतला 80,000 चा फरक म्हणजे परत आलेल्या 80 साड्या. विक्री अहवाल न उघडताही परतीच्या मालाचा अंदाज असा बाहेरून बांधता येतो.

या कसोटीलाही मर्यादा आहेत. परत आलेल्या मालावर आधीच कापलेला टीडीएस प्लॅटफॉर्म पुढच्या व्यवहारांत जुळवून घेऊ शकतो, त्यामुळे महिन्याचा आकडा क्वचितच अचूक बसतो. वर्षाचा जवळपास बसायला हवा. शिवाय ही कसोटी प्लॅटफॉर्मवरच्या विक्रीपुरतीच. त्याच दुकानदाराने इन्स्टाग्रामवरून साड्या विकल्या, पैसे यूपीआयने घेतले किंवा कुरिअरवाल्याने घरपोच रोख वसूल करून आणले, तर त्यावर टीसीएस नसतो. तिथे कुरिअरच्या पावत्यांची संख्या आणि बिलांची संख्या ताडून पाहण्याखेरीज मार्ग नाही.

आता बेरजा जुळल्या असे समजू. इथे थांबणे मोहाचे असते, पण बेरीज जुळणे आणि हिशेब बरोबर असणे यांत अंतर आहे. एका ऑर्डरीवर जादा कमिशन आणि दुसऱ्या ऑर्डरीचे पैसे दोनदा, असे घडले तरी बेरीज बसू शकते. म्हणून जुळवणी ऑर्डर क्रमांकावर करायची. अॅमेझॉनच्या सेटलमेंट फाइलमध्ये `settlement-id`, `order-id`, `amount-description` आणि `amount` असे रकाने असतात. एका `settlement-id` खालच्या सगळ्या रकमांची बेरीज बँकेतल्या एका जमेशी जुळायला हवी, आणि प्रत्येक `order-id` विक्री अहवालात सापडायला हवा. त्याच फाइलमध्ये `Previous Reserve Amount Balance` आणि `Current Reserve Amount` अशा ओळी येतात. त्या राखीव रकमेच्या आहेत. त्यांना विक्री किंवा खर्च समजले की एकच रक्कम दोन महिन्यांत दोनदा मोजली जाते. जुळवणीनंतर जे क्रमांक एकाच बाजूला उरतात, तेच खरे तपासायचे. विक्री आहे पण सेटलमेंट नाही, अशी ऑर्डर महिना-दीड महिना जुनी असेल, तर तो पैसा अडला आहे किंवा माल वाटेत गहाळ झाला आहे. वजावटींचेही तसेच. 400-450 ग्रॅमच्या साडीला अर्ध्या किलोच्या टप्प्याचे भाडे लागायला हवे. खोके मोठे घेतले आणि आकारमानावरून वजन धरले गेले, की एक किलोचा टप्पा लागतो. काही ऑर्डरी निवडून, त्या दिवशीच्या दरपत्रकाने भाडे स्वतः काढून पाहिले, तर अशी गळती लगेच उघड होते.

खरा प्रश्न परत आलेल्या मालाचा आहे, कारण विक्री अहवाल, सेटलमेंट आणि कर खात्यांकडचे आकडे हे शेवटी प्लॅटफॉर्मच्याच नोंदीतून निघालेले असतात. ते एकमेकांशी जुळले, तर प्लॅटफॉर्मच्या नोंदी आपसांत सुसंगत आहेत एवढेच सिद्ध होते. 80 साड्यांचे पैसे ग्राहकांना परत गेले हे पक्के; 80 साड्या दुकानात परत आल्या का, हे त्यातला कोणताच कागद सांगत नाही. त्यासाठी दुकानात नोंदवही हवी : परत आलेल्या पार्सलाचा ट्रॅकिंग क्रमांक, तारीख, आत काय निघाले. समजा तिच्यात 71 नोंदी आहेत, आणि त्यांतल्या 6 पार्सलांत वापरलेली किंवा भलतीच साडी निघाली. साडीची खरेदी 600 रुपयांची असेल, तर न पोहोचलेल्या 9 साड्यांचे 5,400 आणि बिघडलेल्या 6 साड्यांचे 3,600 रुपये यांचा मालसाठ्यात हिशेब लावावा लागतो. भरपाईचा दावा ठरलेल्या मुदतीत केला होता का, पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आहे का, दावा मंजूर झाला की फेटाळला, हे पाहूनच ती रक्कम येणे धरायची की तोटा, ते ठरते. नोंदवही नसेल, तर 80 साड्या साठ्यात आपोआप जमा होतात आणि वर्षअखेरचा साठा कागदावर फुगतो. परतीतही दोन जाती आहेत. ग्राहकाने घेऊन मग परत केलेली साडी आणि पत्ता न सापडल्यामुळे वाटेतूनच माघारी आलेली साडी. दुसरीत विक्री पूर्ण झालेलीच नसते. दोन्हींसाठी क्रेडिट नोट लागते, पण दुसऱ्या जातीचे प्रमाण अचानक वाढले, तर खोट्या ऑर्डरींचा संशय घ्यायला जागा आहे.

शेवटचा आक्षेप वेळेचा. लहान दुकानदाराला एवढे सगळे परवडणार कसे? दर ऑर्डर हाताने तपासायची, तर नाही परवडणार. पण जुळवणी एक्सेलमध्ये ऑर्डर क्रमांकावर होते, आणि माणसाचे डोळे फक्त न जुळलेल्या ओळींना लागतात. सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो एप्रिलच्या सेटलमेंटला, जे मार्चची पुस्तके बंद करताना कोणी मागत नाही. त्यातून मार्चच्या ऑर्डरींचा परत आलेला माल गाळून काढायचा. समजा, मार्चमध्ये विकलेल्या आणखी 24 साड्या एप्रिलमध्ये परत आल्या. त्यांची क्रेडिट नोट एप्रिलची, म्हणून जीएसटी विवरणपत्रात त्या एप्रिलमध्येच जातील. हिशेबाच्या पुस्तकांत मात्र मार्चच्या नफ्यातून दर साडीमागे 400 रुपयांप्रमाणे 9,600 रुपये आणि परतीच्या भाड्याचे 90 रुपयांप्रमाणे 2,160 रुपये यांची तरतूद करावी लागेल. पुस्तके आणि जीएसटी विवरणपत्र यांत इथे जो फरक पडतो तो रास्त आहे. ऑर्डर क्रमांकांसह त्याची यादी फाइलला लावून ठेवायची. आणि ते राखून ठेवलेले 38,200 रुपये 31 मार्चला येणे म्हणून दाखवण्याआधी पाहायचे, की त्यांतले किती रुपये या 24 साड्यांचेच आहेत.