फळी कापण्याआधीचे पैसे

आठ बाय चार फुटांची प्लायवुडची अखंड शीट दुकानदार एखादवेळेस परत घेईल. तीच शीट कुणाच्या ओट्याखालच्या कपाटांच्या मापाने कापली, वर गिऱ्हाइकाने निवडलेल्या रंगाचं लॅमिनेट चिकटवलं, की तिला दुसरा खरेदीदार मिळत नाही. तयार फ्रिज विकला गेला नाही तर तो दुकानात उभा राहतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे जातो. कुणाच्या घरासाठी बेतलेलं किचन तसं जात नाही. म्हणूनच मॉड्युलर किचन करणारा कारागीर काम सुरू करण्याआधी पैसे मागतो.

मात्र ते किती मागायचे आणि कधी, यात बहुतेकांची गल्लत होते. ‘निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर’ ही पद्धत ऐकायला न्यायाची वाटते. ती कुठे तुटते, हे आकडे मांडले की दिसतं.

समजा, पुण्यातल्या एका छोट्या वर्कशॉपने २,४०,००० रुपयांचं किचन घेतलं. माप आणि ड्रॉइंगला ६,००० रुपये, प्लायवुड, लॅमिनेट, चॅनेल, बिजागऱ्या, ट्रॉल्या यांना १,२५,०००, कपाटं बांधण्याच्या मजुरीला ३५,०००, आणि वाहतूक व फिटिंगला २४,००० असा खर्च धरू. एकूण १,९०,०००. उरलेल्या ५०,००० मध्ये जागेचं भाडं, वीज आणि मालकाची कमाई. आता निम्मेच आधी घेतले, तर किचन भिंतीला लागेपर्यंत मालकाच्या हाती १,२०,००० आलेले असतात आणि खिशातून ७०,००० गेलेले असतात. त्या दिवशी गिऱ्हाइकाने ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटलं, तर भिंतीत स्क्रूने बसवलेली कपाटं उतरवून न्यायची कशी?

म्हणून जाणते कारागीर रक्कम चार टप्प्यांत वाटतात. मापाला आणि ड्रॉइंगला दहा टक्के, म्हणजे २४,०००. ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाची सही झाल्यावर, माल खरेदी करण्यापूर्वी पन्नास टक्के, १,२०,०००. कपाटं वर्कशॉपमध्ये तयार झाली, गिऱ्हाइकाने येऊन किंवा फोटोत पाहिली, की गाडीत चढवण्याआधी तीस टक्के, ७२,०००. फिटिंग पूर्ण झाल्यावर उरलेले दहा टक्के.

यात दोघांचंही संरक्षण आहे. माल खरेदी होतो तेव्हा मालकाकडे १,४४,००० जमा आणि १,३१,००० खर्च, म्हणजे उधारी नाही. कपाटं बांधून होईपर्यंत खर्च १,६६,००० वर जातो आणि २२,००० मालकाच्या अंगावर येतात, पण त्या वेळी कपाटं त्याच्याच ताब्यात असतात. गिऱ्हाइकाला मालाचे मोठे पैसे आधी द्यावे लागतात हे खरं, पण उरलेली मोठी रक्कम कपाटं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हातातून जात नाही. शेवटचे २४,००० सगळ्यात महत्त्वाचे. ते मालकाच्या ५०,००० च्या आतले आहेत, म्हणून अडकले तरी त्याचा धंदा बसत नाही. पण सोडून द्यावेत इतके कमीही नाहीत, त्यामुळे तिरपं बसलेलं दार सरळ करायला तो परत येतोच.

टप्प्याचं नाव लिहिताना सावध राहावं लागतं. ‘तिसरा हप्ता फिटिंगच्या वेळी’ असं लिहिलं आणि घरात टाइल्स बसवायचं काम लांबलं, तर तयार कपाटं वर्कशॉपची जागा अडवून बसतात आणि पैसेही थांबतात. म्हणून हा टप्पा घराच्या तयारीला न बांधता ‘वर्कशॉपमध्ये तयार’ याला बांधतात. तसंच सहीनंतर फ्रिज मोठा घ्यायचं ठरलं, तर बदलाची किंमत आणि वाढलेले दिवस वेगळ्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुढची शीट कापू नये. तोंडी ‘करून टाका हो’ यातूनच शेवटच्या हप्त्याचं भांडण निघतं.

गिऱ्हाइकानेही एक खूण पाहावी. आधीचा टप्पा दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता मागितला जाऊ लागला, तर आपल्या पैशांनी दुसऱ्या कुणाचं किचन पुरं होत असण्याची शक्यता असते. त्या वेळी खरेदीची बिलं आणि कापलेल्या मालाचे फोटो मागणं अगदी रास्त आहे.

पैसे मागताना संकोच वाटणाऱ्या कारागिराला ‘साहेब, तुमचं ड्रॉइंग पास झालं, आता माल तुमच्याच मापाने कापायचा आहे, त्याचे पैसे द्या’ एवढं पुरतं. पावतीवर मात्र नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ लिहून मोकळं होता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्ये, करार मोडल्यास वाजवी भरपाईच मिळते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणून काम कुठल्या टप्प्यावर रद्द झालं तर किती कापून किती परत, हे आधीच लिहावं. वरच्या उदाहरणात सहीनंतर, पण शीट कापण्याआधी काम थांबलं, तर ड्रॉइंगचे २४,००० आणि दुकानदाराने परत न घेतलेल्या मालाची किंमत वजा करून बाकी रक्कम गिऱ्हाइकाला परत जाते. कापल्यानंतर थांबलं, तर मालाचा आणि तोवर झालेल्या मजुरीचा खर्च बिलांनिशी दाखवून कापला जातो.