फोटो खुशाल वापरा, पण नाव कुठे छापणार?

समजा, सह्याद्रीत कारवी फुलल्यावर तुम्ही काढलेला फोटो एका निसर्गमंडळाला आवडला. ‘आमच्या स्मरणिकेत छापू का?’ असा निरोप आला. आपण लगेच कळवतो, ‘हो, खुशाल वापरा, फक्त नाव टाका.’ मग स्मरणिका हाती येते, तेव्हा शेवटच्या पानावर आभारांच्या गर्दीत नाव सापडतं आणि त्यावरून कुठला फोटो कुणाचा हे काही केल्या कळत नाही. मंडळाने शब्द मोडलेला नसतो, कारण नाव कुठे टाकायचं हे आपण सांगितलेलंच नसतं.

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) फोटोचे हक्क सहसा तो काढणाऱ्याकडे असतात. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास ते हक्क काम देणाऱ्याचे होतात. त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरमधला फोटो दुसऱ्याला देण्याआधी त्या कुटुंबाला विचारावं लागतं. कायद्याला परवानगी लेखी हवी असते. तिच्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारतासाठीची. म्हणजे आपण जे लिहीत नाही, ते कायदा स्वतःच्या हिशोबाने भरून घेतो.

म्हणून उत्तर चार ओळींचं असलं तरी नेमकं हवं. उदाहरणार्थ :

‘कारवीच्या बहराचा माझा हा एक फोटो तुमच्या २०२६ च्या छापील स्मरणिकेत, आतल्या पानावर, एकदाच वापरायला परवानगी आहे. मोबदला नको. फोटोच्या लगत, त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरांत “छायाचित्र :” लिहून पुढे माझं पूर्ण नाव छापावं. फोटो कापू नये, त्यावर मजकूर चढवू नये. मुखपृष्ठ, जाहिरात, समाजमाध्यमं किंवा पुढची आवृत्ती यांसाठी पुन्हा विचारावं. फोटो दुसऱ्या कुणाला देऊ नये.’

यातली शेवटची अट महत्त्वाची, कारण नाव हरवतं ते बहुधा दुसऱ्या हातात गेल्यावर. मंडळाकडून फाइल एखाद्या वार्ताहराकडे जाते आणि तिथे ‘साभार : इंटरनेट’ छापून येतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि त्याच्या आत नोंदवलेलं नावही सहसा पुसलं जातं. त्यामुळे मूळ फाइल ईमेलने द्यावी आणि फाइलच्या नावातच आपलं नाव घालावं. मांडणी करणाऱ्याला तुमचं पत्र कदाचित दिसणारही नाही, पण फाइलचं नाव त्याच्या डोळ्यांसमोर असतं.

समोरच्याकडून ‘अटी मान्य’ असं उत्तर आल्यावरच फाइल पाठवावी, आणि छपाईआधी त्या एका पानाची पीडीएफ मागून घ्यावी. नाव चुकलं किंवा गळलं असेल, तर ते तेव्हा दुरुस्त होतं. प्रती छापून झाल्यावर फार तर दिलगिरी मिळते.